गच्चीवरच्या खोलीला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र केबल आणि स्वतंत्र ब्रेकर

मुंबईच्या उपनगरांतील रो-हाऊसमध्ये गच्चीवर एक खोली असते आणि बहुतेक वेळा तिला वीज दिलेली असते ती खालच्या बेडरूमच्या एखाद्या प्लगमधून ओढलेल्या वायरने. खोलीत पंखा आणि दिवा एवढेच असते तोवर त्याचे काही वाटत नाही. पुढे मुलगा तिथे बसून घरून काम करू लागतो, एसी येतो, इस्त्री येते, आणि दीड चौरस मिमीच्या त्याच वायरवर सगळा भार पडू लागतो. अशा खोलीसाठी मुख्य बोर्डापासून वेगळी केबल कशी न्यावी, ती किती जाडीची असावी आणि तिचा ब्रेकर नेमका कोठे बसवावा, हे या लेखात एका प्रत्यक्ष उदाहरणावरून क्रमाने मांडले आहे.

आधी दोन गोष्टी. गच्चीवरील खोली मंजूर नकाशात असली पाहिजे, आणि इमारत सोसायटीची असेल तर गच्ची सामाईक असल्यामुळे केबल नेण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घेतली पाहिजे. दुसरे म्हणजे, जोडणीचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. हा लेख वाचून कोणी स्वतः बोर्ड उघडावा असा हेतू नाही. वायरमन काय करतो आहे ते आपल्याला कळावे, त्याला नेमके काय सांगायचे ते ठरवता यावे आणि काम झाल्यावर ते तपासून घेता यावे, यासाठी तो आहे.

भार मोजणे

उदाहरण चारकोपमधील एका रो-हाऊसचे घेऊ. तळमजला, पहिला मजला आणि वर गच्चीवर एक खोली. मुख्य बोर्ड तळमजल्यावर जिन्याखाली आहे. खोलीत काय काय चालणार याची यादी घरमालकांनी कागदावर केली: दीड टनाचा इन्व्हर्टर एसी जास्तीत जास्त १८०० वॅट, इस्त्री १००० वॅट, पंखा ७५ वॅट, दोन दिवे मिळून ४० वॅट, टीव्ही आणि कॉम्प्युटर मिळून २०० वॅट. एकूण ३११५ वॅट. याला २३० व्होल्टने भागले की साधारण साडेतेरा अँपिअर येतात. हिशेबाला आपण १४ धरू. एसीच्या वॅटचा आकडा जाहिरातीतून घेऊ नये, यंत्राच्या मागच्या पट्टीवर छापलेला कमाल इनपुट घ्यावा.

हा आकडा हाती आला की वीजबिलावरील मंजूर भार पाहावा. घरातले आधीचे एसी, गीझर आणि ही नवी खोली मिळून तो ओलांडला जात असेल, तर आधी वीज कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करावा. मीटर, त्याचे सील आणि मीटरच्या अलीकडचे कट-आऊट ही कंपनीची मालमत्ता आहे. आपल्या वायरमननेसुद्धा त्याला हात लावायचा नसतो.

वायरची जाडी उन्हात ठरते

वायर निवडताना बहुतेक लोक फक्त भार पाहतात. चौदा अँपिअरच तर आहेत, मग अडीचची वायर पुरेल, असे दुकानदारही सांगतो. बंद खोलीच्या भिंतीवरून जाणाऱ्या पाइपात ती पुरेलही. पण वायरची क्षमता म्हणून जो आकडा सांगितला जातो तो बाहेरचे तापमान ३० अंश धरून काढलेला असतो, आणि आपली केबल गच्चीच्या कठड्यावरून जाणार आहे. मे महिन्याच्या दुपारी उन्हात तापलेल्या पाइपाच्या आतली हवा ५० अंशांपर्यंत सहज जाते. वायर स्वतःच्या प्रवाहाने तापते आणि ती उष्णता तिला बाहेर टाकायची असते. बाहेरच जर इतके तापलेले असेल, तर तिच्या पीव्हीसी आवरणाला सोसवणाऱ्या ७० अंशांच्या आत राहण्यासाठी तिने प्रवाहच कमी वाहून नेला पाहिजे.

आकड्यांत सांगायचे तर पाइपातून नेलेली तांब्याची अडीच चौरस मिमीची वायर ३० अंशांना साधारण २४ अँपिअर वाहते, चारची ३२ आणि सहाची ४१. तापमान ५० अंश धरले की या आकड्यांना ०.७१ ने गुणावे लागते. मग अडीचची वायर १७ वर येते, चारची जवळजवळ २३ वर आणि सहाची २९ वर. संपूर्ण मार्गातला सर्वांत तापणारा तुकडा जेवढा सोसू शकतो, तेवढीच त्या संपूर्ण केबलची क्षमता धरायची.

आता ब्रेकर. भार १४ अँपिअर, म्हणून ब्रेकर त्याहून मोठा हवा. आणि वायरची क्षमता ब्रेकरच्या आकड्याहून मोठी हवी. हा क्रम मोडून चालत नाही. थोडी मोकळीक ठेवून २० अँपिअरचा ब्रेकर घेतला, तर त्याच्यापुढे १७ ची अडीचची वायर बसत नाही, २३ ची चारची वायर बसते. म्हणून चारकोपच्या घरासाठी चार चौरस मिमीची तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा ब्रेकर असे ठरले. पुढे कधी ब्रेकर वारंवार पडू लागला म्हणून कोणी त्या जागी २५ किंवा ३२ चा बसवला, तर ब्रेकर पडायचा थांबेल आणि वायर तापायला लागेल. वीस अँपिअरचा ब्रेकर तरी काही २० ला लगेच पडत नाही. मानकानुसार २९ अँपिअरला तो तासाभरात पडला म्हणजे पुरेसे मानले जाते. तेव्हा तेवढा वेळ वायरला हा जास्तीचा ताण सोसावा लागतोच, आणि म्हणून ब्रेकर मोठा करण्याला जागा उरत नाही.

याच हिशेबाने एक सूचना. वर न्हाणीघर काढून तीन किलोवॅटचा गीझर बसवायचा विचार असेल तर तो आताच सांगावा. गीझर धरून भार २७ अँपिअरच्या आसपास जातो, ब्रेकर ३२ चा लागतो आणि उन्हातल्या पाइपात सहाची वायर २९ वरच थांबते. म्हणजे दहाची वायर घ्यावी लागते किंवा गीझरला वेगळी केबल न्यावी लागते. दुसरा पर्याय मला अधिक पटतो, कारण दहाची वायर लहान बोर्डात वळवणे आणि जोडणे त्रासाचे असते.

अंतराचाही विचार करावा लागतो, पण अशा घरांत तो क्वचितच आडवा येतो. जिन्याखालून वरच्या खोलीपर्यंतचा मार्ग वळणांसह मोजला तेव्हा २२ मीटर भरला. जाण्यायेण्याची ४४ मीटर चारची वायर गरम असताना पाव ओमपेक्षा किंचित कमी रोध देते, आणि १४ अँपिअरला तेवढ्यात साडेतीन व्होल्टपेक्षा कमी दाब पडतो. दोनशे तीसात हे जेमतेम दीड टक्का झाले. हा आकडा मात्र लक्षात ठेवावा, काम झाल्यावर तपासणीला तो उपयोगी पडतो.

ब्रेकर खाली की वर

या टप्प्यावर चारकोपच्या वायरमनने सुचवले, "काका, ब्रेकर वरच खोलीत देतो. पडला तर तुम्हाला दोन जिने उतरून खाली यायला नको."

सूचना सोयीची आहे आणि अनेक घरांत तसेच केलेले आढळते. तरीही ती स्वीकारू नये. ब्रेकर फक्त वर असेल, तर खोलीत जास्त उपकरणे लावल्याने होणारा अतिभार तो रोखेल, कारण तो सगळा प्रवाह त्याच्यातूनच जातो. पण खालपासून वरपर्यंतच्या २२ मीटर वायरमध्ये काही घडले, जिन्यात फोटो टांगताना खिळा पाइपात गेला किंवा उंदराने आवरण कुरतडले, तर वरचा ब्रेकर त्या बिघाडाच्या पलीकडे असतो आणि त्याला काही कळतही नाही. तिथे राखणदार उरतो तो घराचा मुख्य ब्रेकर, आणि या घरात तो ४० अँपिअरचा होता. शिवाय दोन वर्षांनी कोणीतरी गच्चीवरचा दिवा किंवा टाकीचा पंप याच केबलला मधेच जोडतो आणि मग अतिभाराचे संरक्षणही जाते. म्हणून केबल जिथे सुरू होते तिथे, मुख्य बोर्डातच, तिचा ब्रेकर हवा. वरच्या खोलीत डीबी म्हणजे लहान वितरण बोर्ड बसवून त्यात दोन पोलचा आयसोलेटर, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा हाताचा स्विच, आणि एमसीबी म्हणजे अतिभार व शॉर्टसर्किटवर पडणारे साधे ब्रेकर द्यावेत: दिवे-पंख्यासाठी ६ अँपिअरचा आणि एसी व प्लगसाठी १६ अँपिअरचा. रोजचा अतिभार वरच्या १६ वरच थांबेल. शॉर्टसर्किट झाले तर मात्र खालचा आणि वरचा दोन्ही एकदम पडू शकतात. त्यात दोष काही नाही.

खालचा ब्रेकर साधा एमसीबी न घेता आरसीबीओ घ्यावा, म्हणजे अतिभार, शॉर्टसर्किट आणि गळती या तिन्हींवर पडणारा: दोन पोलचा, २० अँपिअर, सी प्रकारचा, ३० मिलीअँपिअर गळतीचा. सी प्रकार यासाठी की, इस्त्री चालू असताना एसीने सुरू होताना ओढलेल्या झटक्याला तो उगीच पडत नाही. आणि गळतीचे संरक्षण यासाठी की, गच्चीवर ओल असते, लोक ओल्या पायांनी वावरतात आणि कपडे वाळत घालायची तार त्याच भिंतीला असते.

आता जी गोष्ट सर्वांत जास्त वेळा बिघडते ती. घराच्या बोर्डात आधीच एक आरसीसीबी, म्हणजे फक्त गळतीवर पडणारा ब्रेकर, असेल, तर गच्चीच्या केबलचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्या आरसीसीबीच्या आधी, म्हणजे मुख्य आयसोलेटरनंतर लगेच, घेऊन नव्या आरसीबीओला द्यावेत. त्याच्या नंतर घेतले तर पावसाळ्यात वर थोडी गळती झाली तरी सगळे घर अंधारात जाते. आणि आरसीबीओमधून बाहेर पडणारा न्यूट्रल सरळ वर गेला पाहिजे. तो घराच्या न्यूट्रल पट्टीला कोठेही लागता कामा नये. अनेक वायरमन फेज आरसीबीओमधून घेतात आणि न्यूट्रल सवयीने जुन्या पट्टीवर बांधतात. मग आरसीबीओमधून जाणारा प्रवाह आणि परत येणारा प्रवाह जुळत नाही आणि तो त्याला गळती समजतो. याची खूण स्पष्ट असते: वर काहीच चालू नसताना तो व्यवस्थित उभा राहतो आणि पंखा लावला की लगेच पडतो. असे झाले तर यंत्र खराब म्हणून बदलू नये, आधी न्यूट्रल कोठे गेला आहे ते पाहावे.

अर्थिंग

फेज आणि न्यूट्रलसोबत चारचीच हिरवी वायर मुख्य बोर्डाच्या अर्थ पट्टीपासून वरच्या डीबीपर्यंत एकाच पाइपातून न्यावी. जुन्या घरांत अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेले सापडते. ते पाइप बदलून प्लास्टिकचे केले की अर्थिंग तिथेच संपते आणि बोर्डाच्या पट्टीवर हिरवी वायर मात्र पूर्वीसारखीच दिसत राहते. म्हणून खालची पट्टी खरोखर जमिनीशी जोडलेली आहे का, हे वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्यावे. गच्चीच्या स्लॅबमधल्या सळीला किंवा टाकीच्या पाइपाला वरच्या वर अर्थ बांधून देण्याचा आग्रह कोणी धरला तर स्पष्ट नकार द्यावा.

केबलचा मार्ग

जिन्यात आयएसआय खुणेचा २५ मिमीचा जाड पीव्हीसी पाइप पुरतो; चारच्या तीन वायरी त्यात सहज ओढता येतात आणि हवेला जागाही राहते. गच्चीवरचा भाग वेगळा आहे. ऊन खाऊन पांढरा पीव्हीसी पाइप काही वर्षांत पिवळा पडतो आणि बोट लावले तरी तडकतो. तिथे जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप घ्यावा आणि तो धातूचा असल्यामुळे अर्थला जोडावा. संपूर्ण मार्ग आर्मर्ड, म्हणजे धातूचे कवच असलेल्या केबलनेही करता येतो, पण मग दोन्ही टोकांना ग्लँड नीट बसवून आर्मर अर्थ करावा लागतो, आणि ते काम सगळ्यांना जमत नाही. चारकोपच्या घरात जिन्यात पीव्हीसी आणि वर जीआय असे केले, मात्र आतली वायर खालपासून वरपर्यंत अखंड ठेवली. मधे जोड नसावा, आणि टेप गुंडाळलेला तर मुळीच नसावा. तिन्ही रंगांची प्रत्येकी २२ मीटर आणि दोन्ही टोकांना बोर्डात फिरवायला मीटरभर जादा, एवढी वायर लागते. मुंबईच्या वीजसामानाच्या बाजारात, लोहार चाळीत, ती मीटरवरही मिळते, पण वेष्टनातले पूर्ण बंडल घेतलेले बरे, कारण सुट्या वायरीत तांबे कमी भरण्याचे प्रकार होतात. फेजला लाल, न्यूट्रलला काळी, अर्थला हिरवी.

पाइप गच्चीच्या फरशीवरून नेऊ नये आणि स्लॅबमध्ये भोक पाडून तर अजिबात काढू नये, वॉटरप्रूफिंग तिथूनच फुटते. कठड्याच्या आतल्या बाजूने, फरशीपासून वीतभर उंचीवर, सॅडलने तो धरून न्यावा. खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू लवकर गंजतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. खोलीत शिरताना पाइपाला बाहेरच्या बाजूने खाली वाक द्यावा आणि भिंतीतले भोक बाहेरच्या दिशेने उतरते ठेवावे, म्हणजे पाइपावरून ओघळणारे पाणी वाकाशी ठिबकून जाते आणि डीबीत येत नाही. बाहेरच्या पाइपाच्या सर्वांत खालच्या वळणाला एक बारीक भोक असू द्यावे. पाइप कितीही बंद केला तरी पावसाळ्यात आत ओलावा धरतोच. त्याला बाहेर पडायला वाट लागते.

जोडणीचा दिवस

सर्व पाइप आणि वायर ओढून झाल्यावरच वीज बंद करावी, म्हणजे घर कमी वेळ अंधारात राहते. मुख्य आयसोलेटर बंद केला तरी त्याच्या मीटरकडच्या बाजूचे स्क्रू जिवंतच असतात, हे वायरमनला माहीत असले तरी त्याला मदत करायला उभ्या राहिलेल्या घरच्या माणसाला माहीत नसते. घरात बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा, नाहीतर बंद समजलेल्या वायरीत तो वीज देत राहतो. वीज गेली आहे की नाही हे एकट्या टेस्टर स्क्रूड्रायव्हरवर ठरवू नये. मल्टिमीटर आधी चालू प्लगवर लावून पाहावा, मग बंद केलेल्या जागी, मग पुन्हा चालू जागी. मधला शून्य तेव्हाच खरा धरावा. चालू प्लग घरात उरलेला नसेल तर शेजारचा वापरावा.

अनेक तारांच्या वायरीला टोकाशी लग दाबून मगच ती स्क्रूखाली घालावी. सुट्या तारा स्क्रूखाली पसरतात, काही बाहेर राहतात आणि जोड काही महिन्यांत ढिला होऊन तापू लागतो. तापलेल्या जोडाजवळचे आवरण तपकिरी पडते आणि बोर्डाजवळ जळक्या प्लास्टिकचा वास येतो.

वीज देण्यापूर्वी, वरचा आयसोलेटर बंद ठेवून आणि केबल आरसीबीओपासून सोडून, वायरमनने आवरणाचा रोध मोजणाऱ्या ५०० व्होल्टच्या मेगरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तिन्ही मोजावेत. एक मेगाओमच्या खाली आले तर केबल जोडूच नये. नव्या वायरीला खरे तर याच्या शेकडो पट आकडा दिसायला हवा. चार-पाच मेगाओम आले तरी पाइपात पाणी किंवा ओढताना सोललेले आवरण आहे असे समजून वायर काढून पाहावी. हिरव्या वायरीचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा रोध ०.१ ओमच्या आसपास यायला हवा.

वीज दिल्यावर आरसीबीओचे टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते पाहावे. मग वर सगळी उपकरणे लावून अर्धा तास चालू ठेवावीत आणि खालच्या बोर्डावरचा व वरच्या डीबीतला दाब पाठोपाठ मोजावा. चारकोपला खाली २३१ आणि वर २२८ होते, म्हणजे हिशेबाशी जुळले. हा फरक दहा-बारा व्होल्ट आला असता, तर कोठेतरी जोड ढिला आहे किंवा वायर सांगितलेल्या जाडीची नाही, असाच त्याचा अर्थ झाला असता. आरसीबीओवर 'गच्चीवरची खोली' अशी पट्टी चिकटवावी आणि महिन्याभराने दोन्ही टोकांचे स्क्रू, वीज बंद करून, पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.

पहिल्या जोरदार पावसात आरसीबीओ पडला तर शोध असा घ्यावा. वरच्या डीबीतला दोन पोलचा आयसोलेटर बंद करून खाली आरसीबीओ चढवून पाहावा. तो टिकला तर दोष खोलीत आहे. मग आयसोलेटर लावून एक-एक उपकरण प्लगमधून काढत जावे, आणि बहुधा एसीच्या बाहेरच्या युनिटच्या जोडात पाणी शिरलेले सापडते. आयसोलेटर बंद असूनही तो पुन्हा पडला तर दोष केबलमध्ये आहे, तेव्हा तो वारंवार चढवत न बसता बंद ठेवून वायरमनला बोलवावे. आयसोलेटर दोन पोलचा घ्यायला सांगितले ते याचसाठी; एक पोलचा असेल तर फेज तुटतो, पण खोलीतल्या ओल्या जागेत न्यूट्रल अर्थला लागलेला तसाच राहतो, आरसीबीओ पडत राहतो आणि चांगली केबल विनाकारण उपसली जाते.